बाकीचा रकाना

मी एक जुना काळा फळा आहे. नदीकाठच्या पंपघरात, दारातून आत आल्यावर डाव्या भिंतीवर मी तेवीस वर्षे टांगलेला होतो. माझ्या शेजारीच टेलिफोन होता. म्हणून दुपारच्या पाळीचे मास्तर गेल्याची बातमी मला सकाळच्या पाळीच्या मिस्त्रींबरोबरच कळली. सकाळचे नऊ चाळीस झाले होते. मिस्त्रींनी फोन उचलला, दोन वेळा "काय?" म्हणाले आणि मग माझ्याकडे बघत उभे राहिले. मास्तर सकाळी घरातच पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते.

मित्रांनो, त्या दिवशी पुढे जे झाले त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आधी तो सांगतो, मग माझी बाकीची कथा.

मिस्त्रींची पाळी सहा ते दोन. मास्तरांची दोन ते दहा. दोन वाजता मास्तर यायचे आणि मिस्त्री सुटायचे. पण मिस्त्रींना सोडवायला येणारा माणूसच गेला होता. पंप सोडून जाता येत नाही. निम्म्या शहराचे पाणी तिथून चढते आणि राखणाऱ्याने पाठ फिरवली की तासाभरात काहीतरी तापते. मिस्त्रींनी कार्यालयात साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, पाठवतो कोणाला तरी. साडेअकराला पुन्हा फोन केला. साहेब म्हणाले, पाठवतोय. दोनला तिसरा फोन केला. तीन वाजले. चार वाजता मास्तरांचा अंत्यविधी होता. चार वाजता मिस्त्री तीन नंबरच्या पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवून उभे होते. माणूस आला सहा वाजता. आल्यावर त्याने विचारले, इथे चहाची सोय कुठे आहे.

मिस्त्री तसेच मास्तरांच्या घरी गेले. दारात वहिनी होत्या. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. त्यांनी एवढेच विचारले, "आता काय उरलंय बघायला, मिस्त्री?" मिस्त्री दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी हे त्यांनी मला सांगितले. त्यांची स्वतःची बायको जाऊन तीन वर्षे झाली होती, घरी सांगायला कोणी नव्हते. म्हणून ते पाळी संपल्यावर स्टूल ओढून माझ्यासमोर बसत आणि बोलत. मी म्हणजे काही फार हुशार श्रोता नाही, पण मध्ये बोलत नाही. हा गुण माणसांत कमी दिसतो.

"कारण सांगता आलं असतं," ते म्हणाले. "पण तिचा नवरा गेला त्या दिवशी मी काय माझी हजेरी भरायची होती?"

तेव्हापासून दहा महिने ते त्या घरी गेले नाहीत.

आता माझ्याविषयी. मला एका सुताराने शाळेसाठी बनवले. फळ्या जोडून, घासून, वर काळ्या रंगाचे तीन हात. शाळेत नेले तेव्हा भिंतीवरची जागा चार बोटे कमी भरली आणि मी परत आलो. नापास झालेला फळा मी एकटाच असेन. मग पंपघराने मला घेतले. त्याआधी एक पाळी दुसऱ्या पाळीला काय झाले ते तोंडी सांगायची आणि घाईत निम्मे विसरायची. मास्तर तेव्हा नवीन लागले होते. ते शिक्षक नव्हते. अक्षर चांगले होते एवढ्यावरच लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश आणला आणि माझे चार भाग पाडले. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिहिले: झालं. चालू. लक्ष ठेवा. बाकी.

पाळी सोडताना या चार रकान्यांत खडूने लिहायचे आणि मगच चप्पल घालायची, असा त्यांचा नियम होता. पहिल्या रकान्यात काम काय झाले. दुसऱ्यात कोणते पंप चालू. तिसऱ्यात कशाकडे डोळा ठेवायचा. शेवटच्या रकान्यात काय राहिले. मास्तर म्हणायचे, "बाकीचा रकाना रिकामा दिसला की समजायचं माणूस खोटं लिहितोय."

बावीस वर्षे हे दोघे एकमेकांना रोज जेमतेम दहा मिनिटे भेटले. बाकीची मैत्री माझ्यावर झाली. मिस्त्रींचे अक्षर म्हणजे मुंग्यांची दिंडी वाट चुकलेली. मास्तर त्याखाली शेरा मारायचे, "वाचता आलं नाही. पंपालाच विचारलं." मिस्त्री दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचे, "पंप तुमच्यापेक्षा खरं बोलतो." एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर उभे राहून म्हटले, इतकी नीट नोंद मी कुठेच पाहिली नाही. त्या दिवशी मास्तरांनी मला ओल्या फडक्याने पुसून चौकटीला तेलाचा हात दिला. माझ्या आयुष्यातला तो मानाचा दिवस.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे दोरीसारखे पॅकिंग भरून वरून झाकण आवळतात. त्याला ग्लँड म्हणतात. नवीन माणूस तिथून पाणी ठिबकताना बघतो आणि पाना घेऊन करकचून आवळतो. ठिबक थांबते, माणूस खूश होतो आणि तासाभरात पॅकिंग जळते, दांडा खराब होतो. तिथून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. त्या पाण्यानेच तो थंड राहतो.

मिस्त्रींची बायको गेल्यानंतर तिचा पहिला वाढदिवस आला. त्या दिवशी मिस्त्री सकाळी कामावर आले. नातेवाइकांचे फोन आले ते दुसऱ्याच विषयांचे. कोणी हवा विचारली, कोणी गुडघा विचारला. मुद्दाम ठरवलेले होते की विषय काढायचा नाही, उगाच त्यांना आठवण होईल. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण मलासुद्धा हे मूर्खपणाचे वाटले. जणू काही तो माणूस विसरून बसला होता आणि यांनी नाव घेतले तरच त्याला आठवणार होते. ज्याच्या घरात अर्धे कपाट तसेच भरलेले आहे त्याला कसली आठवण करून द्यायची?

त्या दिवशी मास्तर दीडलाच आले. खडू घेऊन तिसऱ्या रकान्यात लिहिले, "आज तुमच्या बायकोचा वाढदिवस. मी मास्तर आहे असं समजून त्यांनी मला भाच्याची गणितं तपासायला दिली होती. खरं सांगायची लाज वाटली म्हणून चार संध्याकाळी बसून मी आधी स्वतः शिकलो. पेपरात भाचा पास झाला आणि मीही. मिस्त्री, ग्लँड पूर्ण आवळू नका. थेंब पडू द्या."

मिस्त्रींनी ते वाचले. हसले. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तर तोवर दोन नंबरच्या पंपाजवळ उगाचच काहीतरी पुसत होते. त्या दिवशी मिस्त्रींच्या बायकोचे नाव घेणारा तो एकच माणूस.

आणि आता मास्तरांचाच पहिला वाढदिवस आला होता. मास्तर नसतानाचा.

आदल्या दिवशी दोन वाजता पाळी संपल्यावर मिस्त्री स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले. आता दुपारच्या पाळीला दुसरा माणूस होता आणि माझ्या समोरच्या भिंतीवर एक मोठी काचेची पाटी लावून झाली होती. तिच्यावर आकडे आपोआप उमटणार होते. मला दुसऱ्या दिवशी दुपारी उतरवायचे ठरले होते. गेले दोन महिने माझ्यावर कोणी धड लिहिलेही नव्हते. चारही शीर्षके तेवढी होती, कारण ऑइलपेंट फडक्याने जात नाही.

मिस्त्रींनी मोबाइल काढला. वहिनींना निरोप पाठवायचा होता. पण कसा लिहावा ते सुचेना. इतरांनी पाठवलेले जुने निरोप ते वाचू लागले, त्यांच्या बायकोच्या वेळी आलेले. मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येकावर त्यांचा आवाज चढत होता.

चांगली माणसं वरच्याला लवकर हवी असतात. "मग आपण वाईट म्हणून उरलो काय?"

काळ हेच औषध. "मग डॉक्टरने लिहून का नाही दिलं?"

तुमचं दुःख मी समजू शकतो. यावरून ते नुसते पुढे सरकले.

काही लागलं तर सांगा. हे सगळ्यांत जास्त वेळा आलेले होते, बावीस वेळा. मित्रांनो, याचा मलाही संताप आहे. म्हणजे ज्याचे माणूस गेले त्यानेच विचार करायचा, त्यानेच अर्ज करायचा आणि यांनी मग मंजुरी द्यायची. मास्तरांनी कधी काही लागलं तर सांगा म्हटले नाही. मिस्त्रींची बायको गेली तेव्हा त्यांनी तीन आठवडे सकाळच्या पाळीतला शेवटचा तास स्वतः घेतला आणि तसे माझ्यावर लिहून मोकळे झाले.

मिस्त्रींनी मोबाइल खिशात टाकला, खडू घेतला आणि माझ्यावर कच्चे लिहायला सुरुवात केली. पहिला मजकूर असा होता की त्या दिवशी साहेबांनी माणूस पाठवला नाही, तीन फोन केले, वेळा अमुक अमुक, दोष माझा नाही. चार ओळी झाल्यावर त्यांनी लांबून वाचले. "वाढदिवस त्याचा आणि रडगाणं माझं," म्हणाले आणि पुसून टाकले. दुसऱ्या मजकुरात मोठमोठे शब्द आले. आधारवड, पोकळी, काळाचा घाला. तोही पुसला. मास्तरांनी वाचला असता तर खाली शेरा मारला असता, पंपालाच विचारलं. खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर बसली आणि ते तसेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आले. साडेसहाला मोबाइल वाजला. कामगारांच्या ग्रुपवर कार्यालयाचा निरोप होता, फुगे आणि मेणबत्त्यांच्या चित्रासह. मास्तरांच्या नावाने. आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, असेच उत्साहाने कार्यरत राहा. हाच निरोप मास्तरांच्या मोबाइलवरही गेला असणार. तो मोबाइल आता वहिनींकडे होता. आणि त्याखाली ग्रुपवर तीन जणांनी केकची चित्रे टाकली. त्या तिघांपैकी दोघे अंत्यविधीला हजर होते. बोटाला सवय लागली की डोक्याला विचारायची पद्धत राहत नाही.

साहेब फोनवर भेटायला आठ वाजले. मिस्त्रींनी मोबाइलचा आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मी सगळे ऐकले.

"यंत्रातून आपोआप जातं हो ते," साहेब म्हणाले. "कोणी मुद्दाम पाठवत नाही."

"मुद्दाम पाठवत नाही तेच तर म्हणतोय मी."

"नाव काढायला मृत्यूचा दाखला वरून मंजूर व्हावा लागतो."

"दाखला त्यांची लेक इथे देऊन गेली. मी स्वतः तुमच्या टेबलावर ठेवला. दहा महिने झाले, साहेब."

"बघतो."

"त्या दिवशीही तुम्ही पाठवतो म्हणाला होता," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी बेअरिंगवर हात ठेवून उभा होतो. माझा मित्र जळत होता."

पलीकडे साहेबांनी फोन ठेवला.

मिस्त्री पंपांची फेरी मारून आले. आकडे बघितले, ग्लँड बघितले, थेंब मोजले. परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. माझ्यावर काहीच लिहिलेले नव्हते. नुसते मास्तरांचे चार शब्द होते. ते शब्द मिस्त्री तेवीस वर्षे रोज बघत होते, पण त्या सकाळी त्यांनी ते वाचले.

मग त्यांनी खडू घेतला. या वेळी हळू लिहिले, एकेक अक्षर सुटे काढून. मुंग्या पहिल्यांदाच रांगेत चालल्या.

झालं. याखाली त्यांनी लिहिले, "आज मास्तर सत्तावन्न वर्षांचे झाले असते. लेक नर्सिंगची परीक्षा पास झाली त्या दिवशी घरी ते नुसतं बरं झालं म्हणाले असतील. इथे त्यांनी चारही रकान्यांत पोरगी पास असं लिहिलं आणि तीन दिवस पुसू दिलं नाही. पंपाचे आकडे मला भिंतीवर लिहावे लागले. ते अजून भिंतीवर आहेत."

चालू. "मी अजून सहा ते दोन करतो. दोन वाजले की दाराकडे बघतो. त्यांची छत्री खुंटीवर आहे. नवीन माणसाला ग्लँड त्यांच्या पद्धतीने आवळायला शिकवलं."

लक्ष ठेवा. "आज सकाळी मास्तरांच्या मोबाइलवर शुभेच्छा आल्या असतील. त्या यंत्राच्या आहेत, माणसाच्या नाहीत. नाव काढायला मी आज पुन्हा अर्ज करतो. माझी बायको गेल्यावर तिच्या वाढदिवशी मास्तरांनी मला लिहिलं होतं, थेंब पडू द्या. तेच मी तुम्हाला लिहितो. याला उत्तर देऊ नका. देण्याची गरज नाही."

बाकी. इथे खडू बराच वेळ थांबला. मग लिहिले, "त्या दिवशी मी का आलो नाही ते समोर येऊन सांगायचं आहे. वहिनी म्हणतील तेव्हा. नाही म्हणाल्या तरी चालेल."

मोबाइलने त्यांनी माझा फोटो काढला. चारही शीर्षके पूर्ण आली की नाही ते दोनदा पाहिले. लगेच पाठवला नाही. स्वतःवरून त्यांना माहीत होते की अशा दिवशी सकाळी उठल्या उठल्या काही वाचवत नाही आणि संध्याकाळी आले तर दिवसभर वाटते की कोणालाच लक्षात नाही. दहा वाजता घरचे आवरून वहिनी बसतात, हे मास्तरांच्या बोलण्यातून त्यांना ठाऊक होते. दहाला पाठवला. ग्रुपवर नाही आणि मास्तरांच्या नंबरवरही नाही, कारण गेलेल्या माणसाच्या नावावर निरोप उमटताना एकदा सकाळी बघून झाले होते. वहिनींच्या स्वतःच्या मोबाइलवर पाठवला. लेकीला वेगळा पाठवला आणि तिला वर एक ओळ घातली, "शीर्षकं बाबांच्या हातची आहेत."

उत्तर आले नाही. मिस्त्रींनी मागितले नव्हते, तरी दोन वाजेपर्यंत त्यांनी मोबाइल सहा वेळा बघितला. मी मोजले.

दोनला माणसे आली आणि त्यांनी मला उतरवले. कोणीतरी ओले फडके फिरवले आणि मिस्त्रींचे अक्षर गेले. मला भिंतीला तोंड करून उभे केले, जुन्या पाइपांच्या मागे. तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर पाइपांच्या मागे. भिंतीवरची काचेची पाटी छान उजळली म्हणे. तिच्यावर झालं आहे, चालू आहे, धोका असेल तर लाल दिवाही आहे. बाकीचा रकाना तिला नाही. तिला वाटत असेल की काही राहतच नाही.

आठव्या दिवशी मास्तरांची लेक आली. मिस्त्रींना म्हणाली, "काका, बाबांची अक्षरं कुठे ठेवलीत?" मिस्त्रींनी पाइप बाजूला केले. तिने मला वळवले आणि चार शब्दांवरून बोट फिरवले. मग भिंतीवरचे जुने आकडे दाखवा म्हणाली. मिस्त्रींनी दाखवले. ती खूप हसली आणि मग तिला स्टूलवर बसावे लागले. मिस्त्री दोन नंबरच्या पंपाकडे गेले आणि उगाचच काहीतरी पुसत राहिले. आई कशी आहे, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, फोटो रोज बघते, बोलत मात्र नाही. मग तिने मला टेम्पोत घालून घरी नेले.

मित्रांनो, आता मी मास्तरांच्या बैठकीत आहे. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. कोणाचे माणूस गेले तर त्याच्या वाढदिवशी गप्प राहू नका आणि तयार वाक्ये पाठवू नका. त्या माणसाचे नाव घ्या, त्याची एखादी खरी गोष्ट सांगा आणि उत्तराची वाट बघू नका. यापेक्षा जास्त काही लागत नाही. एवढेही लोकांना जड जाते याचाच मला राग येतो.

इथे माझ्यावर फारसे कोणी लिहीत नाही. पहिले तीन रकाने रिकामे आहेत. चौथ्यात वहिनींनी एका सकाळी खडूने लिहिले, "मिस्त्रींना घरी बोलवायचं आहे." त्याला सव्वा महिना झाला. येता-जाता त्या ते वाचतात. कधी फोनपर्यंत जातात आणि परत येतात. ती ओळ त्यांनी पुसलेली नाही. मिस्त्रींना बोलवायचे अजून बाकी आहे.